इंटरव्ह्यूत लग्नाचं-मुलांचं विचारलं, नोकरी तर हवीये, मग एचआरला कळवायचं कसं

नाशिकमध्ये पहिली-दुसरी नोकरी शोधणाऱ्यांसाठी हे लिहितेय. मुलींसाठी जास्त, पण मुलांनीही वाचा, कारण निफाड-पिंपळगावकडच्या पोरांना "द्राक्षाच्या सीझनला सुट्ट्या टाकणार का, घरची शेती कोण बघणार" असं विचारलेलं मी स्वतः ऐकलंय. अंबड-सातपूरच्या कंपन्यांत मी बरीच वर्षं एचआरला काढलीत, त्यामुळे इंटरव्ह्यू झाल्यावर उमेदवाराच्या कागदाचं आत काय होतं ते मला माहितीये, आणि खरं सांगायचं तर सगळा मामला तिथेच अडकलेला असतो.

इंटरव्ह्यू संपला की पॅनेलवाले एक असेसमेंट शीट भरतात. त्यावर टेक्निकल नॉलेज, कम्युनिकेशन, नोटीस पिरियड असे रकाने असतात आणि बऱ्याच ठिकाणी एक रकाना असतो 'स्टॅबिलिटी'. लग्न कधी, मिस्टर कुठे असतात, मुलांचं काय ठरवलंय, या सगळ्याची उत्तरं शेवटी त्या एका रकान्यात जाऊन बसतात, "लग्नानंतर पुण्याला जाण्याची शक्यता" अशा एका ओळीत, आणि वर टेक्निकलच्या रकान्यात मार्क चांगले असले तरी ती खालची ओळच वाचली जाते. तुम्ही सांगितलं नसलं तरी लिहितात, अंदाजाने. म्हणजे तुम्हाला जे करायचंय ते त्या शीटवर निर्णय व्हायच्या आत करायचंय, आणि असं करायचंय की फाईलमध्ये तुमच्या कामाबद्दल आणखी काहीतरी येईल, नुसता राग येऊन उपयोग नाही.

म्हणून माझं सरळ म्हणणं असं की एचआरला पहिल्यांदा लिहिताना ही गोष्ट तक्रार म्हणून मांडूच नका. "माझा इंटरव्ह्यू अर्धवट राहिला, तो पूर्ण करून घ्या" अशी मांडा. तक्रार आली की एचआरला चौकशी, प्लँट हेड, मीटिंग असं सगळं डोळ्यांपुढे दिसतं आणि सोपा रस्ता म्हणजे तुमची फाईल बाजूला ठेवणं. राहिलेला भाग पूर्ण करायची विनंती आली तर त्याला फक्त एक फोन लावायचा असतो. आणि विचारलेलं काय ते लेखी नोंदलं जातंच, ते काही सुटत नाही.

एक केस घेऊन सांगते, ओळखीतल्या मुलीची आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत. सिन्नरच्या एका कंपनीत ती क्वालिटीला होती, तीनेक वर्षांचा अनुभव, अंबडच्या एका ऑटो पार्ट्सवाल्यांकडे सप्लायर क्वालिटीच्या पोस्टसाठी गेली. पहिला राउंड एचआरचा, तो नीट झाला. दुसरा क्वालिटी हेडचा. सुरुवात छान, पीपीएपीच्या फाईलमध्ये काय काय लागतं, कंट्रोल प्लॅन कोण बनवतं, मग "एखादा कस्टमर रिजेक्शनचा 8डी सांगा" म्हणाले, म्हणजे माल नाकारला गेल्यावर मूळ कारण शोधून उपाय केल्याचा आठ पायऱ्यांचा रिपोर्ट, तिने प्लेटिंगच्या प्रॉब्लेमचा सांगायला घेतला आणि रूट कॉजपर्यंत आल्यावर मध्येच गाडी घसरली. लग्न झालंय का, ठरलंय का, सासर नाशिकचंच असेल ना, आजकाल मुली ट्रेनिंग घेतात आणि वर्षात मॅटर्निटीला जातात, तुमचं फॅमिली प्लॅनिंगचं काय. साधारण चाळीस मिनिटांच्या राउंडमधली शेवटची पंधरा मिनिटं यात गेली आणि 8डी तिथेच राहिला.

आता काय काय करायचं ते क्रमाने.

तिथल्या तिथे, खुर्चीत बसलेलं असताना

भांडू नका आणि वचनही देऊ नका. "नाही सर, तीन वर्षं तरी लग्नाचा विचार नाही" असं मुली घाबरून बोलून जातात, पण हे वाक्य कुठे कामी येत नाही, उलट सहा महिन्यांनी पत्रिका द्यायला गेलात की तेच वाक्य तोंडावर मारलं जातं. प्रश्नामागे कामाची जी काळजी असेल तेवढीचं उत्तर द्यायचं आणि परत कामावर यायचं. त्या मुलीने बऱ्यापैकी जमवलं होतं, म्हणाली, "सर, शिफ्टचं किंवा सप्लायरकडे फिरण्याचं विचारत असाल तर दोन्हीला माझी तयारी आहे, आत्ताही चाकणला महिन्यातून दोनदा जाते. तो 8डी पूर्ण सांगू का?" सर हसले आणि "राहू द्या, कळलं" म्हणाले. झालं. एवढं बोललात तरी पुढच्या मेलला आधार मिळतो, कारण तुम्ही कामाचं बोलायला तयार होतात हे तुम्ही तिथेच सांगितलेलं असतं.

रात्रपाळी जमेल का, बाहेरगावी जावं लागेल, जॉइन कधी होणार, हे प्रश्न वैयक्तिक वाटले तरी कामाचे आहेत, ते विचारणारच, त्यावर मेल लिहायला जाऊ नका. फरक ओळखायची माझी साधी रीत अशी की हाच प्रश्न तुमच्या शेजारी बसलेल्या लग्न झालेल्या मुलाला याच शब्दांत विचारला असता का ते बघायचं.

त्याच दिवशी लिहून ठेवणं

घरी पोचायची वाट बघू नका, सिटीलिंकच्या बसमध्ये बसल्याबसल्या मोबाईलवर नोट्स काढा आणि स्वतःच्या पर्सनल मेलवर पाठवून ठेवा म्हणजे तारीख-वेळ आपोआप पडते. आत कोण कोण होतं, साधारण किती वाजता सुरू किती वाजता संपलं, कोणता टेक्निकल प्रश्न चालू असताना विषय बदलला, आणि वैयक्तिक प्रश्न जसेच्या तसे, त्यांच्याच शब्दांत. तुमचं उत्तर पण लिहा. "फार घाणेरड्या टोनमध्ये विचारलं" हे लिहिलंत तरी चालेल पण ते तुमच्यापुरतं, मेलमध्ये टोन आणायचा नाही, कारण टोनवर समोरचा "तसं नव्हतं हो" म्हणून मोकळा होतो. शब्दांवर तसं म्हणणं अवघड जातं.

चोरून रेकॉर्डिंगचा सल्ला कोणी ना कोणी देतंच. ज्यांना तिथे नोकरी करायचीये त्यांनी ते करू नये असं माझं मत आहे, कळलं की विषय प्रश्नांचा राहत नाही, तुमचा होतो.

कोणाला लिहायचं

ज्यांनी इंटरव्ह्यूचा मेल पाठवला त्याच एचआरच्या व्यक्तीला, त्याच मेलच्या रिप्लायमध्ये. प्रश्न विचारणाऱ्या साहेबांना सीसी करू नका, एमडींना तर नकोच. नवीन मेल न काढता रिप्लाय का, तर तुमचा सीव्ही, कॉल लेटर आणि हे सगळं एकाच धाग्यात राहतं, एचआरची व्यक्ती बदलली तरी पुढच्याला एका ठिकाणी सापडतं.

कन्सल्टन्सीमार्फत गेला असाल तर जरा वेगळं आहे. कन्सल्टंटला पैसे कंपनी देते, बहुतेक वेळा तुम्ही जॉइन झाल्यावरच, त्यामुळे तो तुमच्या बाजूचा असला तरी कंपनीला दुखवायला तयार नसतो आणि तुमचा निरोप पोचेपर्यंत "मॅडम थोड्या सेन्सिटिव्ह आहेत" एवढाच उरतो. त्याला फोन करून सांगा जरूर, पण म्हणा, "मी एचआरला टेक्निकल भाग पूर्ण करण्याबद्दल मेल टाकतेय, तुम्हाला सीसीत ठेवते." परवानगी मागू नका, कळवा.

एमआयडीसीच्या जॉब ग्रुपवर किंवा कंपनी रिव्ह्यूच्या साइटवर निकाल लागायच्या आधी काही टाकू नका. नाव लपवलं तरी त्या आठवड्यात त्या पोस्टला चार-पाच जण आलेले असतात, त्यात मुलगी बहुतेक एकच, आणि नाशकातले एचआरवाले एकमेकांना ओळखतात.

कधी

दुसऱ्या दिवशी सकाळी, दहा-अकराच्या सुमाराला. त्याच रात्री लिहिलेला मेल तापलेला असतो, आणि तीन-चार दिवस थांबलात तर शीट पुढे गेलेली असते, मग "नाकारणार असं दिसल्यावर आत्ता बोलतेय" असा अर्थ निघतो. कंपनीची साप्ताहिक सुट्टी कधी ते मात्र बघा, इंडस्ट्रियल एरियात सगळ्यांची सुट्टी रविवारीच असते असं धरू नका.

मेल

आठ-दहा ओळी, त्याहून जास्त नको. क्रम महत्त्वाचा आहे. आधी ही पोस्ट तुम्हाला हवीये हे स्पष्ट, मग काय झालं ते दोन वाक्यांत, मग कामाच्या अटींचं तुमचं उत्तर, आणि शेवटी एक ठरावीक मागणी, जिला ते हो किंवा नाही म्हणू शकतील अशी. त्या मुलीने पाठवलेला साधारण असा होता, तुम्ही इंग्रजीत लिहिलात तरी क्रम हाच ठेवा:

"नमस्कार मॅडम, काल सप्लायर क्वालिटी इंजिनिअरच्या पोस्टसाठी दुसरा राउंड झाला, त्याबद्दल आभार. काम माझ्या आत्ताच्या अनुभवाशी जुळणारं आहे आणि मला या पोस्टमध्ये पूर्ण रस आहे.

एक गोष्ट आपल्या कानावर घालते. 8डीच्या केसवर बोलणं चालू असताना चर्चा माझं लग्न आणि फॅमिली प्लॅनिंग याकडे वळली ('तुमचं फॅमिली प्लॅनिंगचं काय' असंही विचारलं गेलं) आणि राहिलेला वेळ त्यात गेल्यामुळे टेक्निकल भाग अर्धवट राहिला. हे प्रश्न माझ्या कामाच्या मूल्यमापनात धरले जाऊ नयेत अशी विनंती आहे.

कामाच्या अटींबद्दल: शिफ्ट आणि सप्लायर व्हिजिट दोन्हीला माझी तयारी आहे, नोटीस पिरियड 30 दिवस आहे.

8डी आणि सप्लायर ऑडिटवर 20 मिनिटं मिळाली तर मी फोनवर किंवा प्रत्यक्ष, आपण सांगाल तेव्हा येऊ शकते. प्लेटिंग रिजेक्शनच्या केसचं एक पानाचं टिपण सोबत जोडतेय."

यातल्या दोन गोष्टींकडे बघा. एकतर एकच प्रश्न शब्दशः दिलाय, सगळे नाही, तेवढ्याने वाचणाऱ्याला कळतं आणि यादी दिली की आरोपपत्र वाटायला लागतं. दुसरं म्हणजे ते एक पानाचं टिपण, हे मला फार आवडलं, कारण आता एचआरकडे क्वालिटी हेडच्या टेबलावर नेऊन ठेवायला काहीतरी कामाचं आहे. मॅडमना जाऊन "सर, तुम्ही असं विचारलंत म्हणे" म्हणायला लागत नाही, "सर, यांनी 8डी पाठवलाय, वीस मिनिटं बोलून घ्या" एवढं म्हटलं तरी भागतं. टिपणात जुन्या कंपनीचं, कस्टमरचं नाव किंवा पार्ट नंबर जाऊ देऊ नका, नाहीतर गोपनीयतेचा वेगळाच घोळ होईल.

छळ, भेदभाव, कायदेशीर कारवाई, वकील, हे शब्द या मेलमध्ये नकोत. नंतर लागले तर आहेतच.

उत्तर काय येतं त्यावर पुढचं

चांगलं उत्तर आलं तर प्रश्न नाही. बऱ्याचदा मात्र फोन येतो. "अहो, ते वयाने मोठे आहेत, सहज काळजीपोटी विचारलं असेल, मनावर घेऊ नका." इथे वाद घालायचा नाही, "हो मॅडम, माझी विनंती फक्त टेक्निकल भाग पूर्ण व्हावा एवढीच आहे, कधी वेळ मिळेल?" असं म्हणून मागणीवर परत या. कधीकधी सरळ विचारतात, "तुम्हाला तक्रार करायचीये का?" त्याचं उत्तर पण तयार ठेवा: "आत्ता माझी विनंती मूल्यमापनाबद्दल आहे." आत्ता हा शब्द ठेवा, पुढचा दरवाजा आपण होऊन लावायचं कारण नाही. आणि फोन झाला की दोन ओळींचा मेल टाका, "आत्ता बोलल्याप्रमाणे सोमवारनंतर वेळ कळवाल, धन्यवाद." फोनवर झालेलं हवेत जातं.

काहीच उत्तर नाही आलं तर पाच कामाचे दिवस थांबा, मग फक्त अर्जाची स्थिती विचारा, झालेला प्रकार पुन्हा उगाळू नका, तो खाली त्याच धाग्यात दिसतोच. त्यानंतरही शांतता असेल, किंवा "पोझिशन होल्डवर आहे" म्हणतात आणि तीच जाहिरात नोकरीच्या साइटवर नव्या तारखेने दिसते, तर समजून घ्या की गेलं. ते तुमच्या मेलमुळे गेलं की स्टॅबिलिटीच्या रकान्यामुळे की खरंच कोणी जास्त चांगलं मिळालं, हे बाहेरून कळत नाही, कोणी छातीठोक सांगत असेल तर ऐकू नका.

कायद्याचा आधार किती

थोडक्यात सांगते कारण व्हॉट्सअॅपवर यातलं बरंच चुकीचं फिरतं. खासगी कंपनीने इंटरव्ह्यूत लग्नाचं विचारणं हाच गुन्हा, असा कायदा आपल्याकडे नाहीये. कायदा अडवतो ते भरतीत स्त्री म्हणून डावलण्याला. आधी हे 1976 च्या समान वेतन कायद्याच्या कलम 5 मध्ये होतं, आता वेतन संहिता 2019 च्या कलम 3 मध्ये आहे, ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालीये. पण डावललं हे दाखवायचं तर प्रश्न आणि नकार यांचा संबंध जोडावा लागतो, आणि एकट्या उमेदवाराला ते जड जातं. तुमच्या नोट्स आणि तो मेल इथेच उपयोगी पडतात.

सरकारी किंवा सरकारी मालकीच्या ठिकाणी, म्हणजे आपल्याकडे ओझरचं एचएएल किंवा नाशिकरोडच्या प्रेससारख्या जागी, घटनेची कलमं थेट लागू होतात, तिथे आधार जास्त भक्कम. एलआयसीचं एक प्रकरण मुद्दाम माहीत असावं. नीरा माथुर नावाच्या कर्मचारी बाईंना प्रोबेशनवर असताना काढलं, कारण भरतीच्या वेळच्या डिक्लरेशन फॉर्मवर मासिक पाळी आणि गरोदरपणाचे रकाने होते आणि त्यात चुकीची माहिती दिली असं महामंडळाचं म्हणणं. 1991 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना परत कामावर घ्यायला लावलं आणि असले रकाने फॉर्ममधून काढायला सांगितलं.

विषय लग्नावरून शरीरावर, दिसण्यावर, लैंगिक शेरेबाजीवर गेला तर मात्र वरचं सगळं "अर्धवट इंटरव्ह्यू" प्रकरण सोडून द्या. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा पॉश कायदा नोकरीला असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही बायकांना धरतो, म्हणजे इंटरव्ह्यूला आलेली मुलगी पण तक्रार करू शकते, मुदत तीन महिने, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत अंतर्गत समितीकडे आणि त्याहून लहान असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे.

मॅटर्निटीच्या खर्चाबद्दल पण एक. 26 आठवड्यांच्या पगाराची भीती साहेब लोक बोलून दाखवतात, पण पगार ईएसआय या सरकारी विमा योजनेच्या मर्यादेत, म्हणजे महिना 21,000 पर्यंत असेल आणि कंपनी ईएसआयखाली असेल, तर हे पैसे कंपनी देतच नाही, ईएसआयसी देतं. सुपरवायझर-ऑपरेटर लेव्हलच्या कितीतरी मुलींना हे प्रश्न विचारले जातात जिथे या खर्चाचा कंपनीशी संबंधच नसतो. इंटरव्ह्यूत हे शिकवायला जाऊ नका, पण एचआर फोनवर "कॉस्टचा विचार करावा लागतो हो" म्हणाले तर नम्रपणे आठवण करून द्यायला हरकत नाही.

त्या मुलीला चौथ्या दिवशी फोन आला. तिसरा राउंड फोनवर झाला, क्वालिटी हेड आणि सोबत सप्लायर डेव्हलपमेंटचे एक जण, पंचवीस मिनिटं नुसतं प्लेटिंग, बाथ कॉन्सन्ट्रेशन, हायड्रोजन एम्ब्रिटलमेंट. लग्नाचा ल नाही. ऑफर आली, पगारात थोडी घासाघीस झाली, जॉइन झाली.

जॉइनिंगच्या दिवशी समोर परत तेच रकाने आले, मॅरिटल स्टेटस, कुटुंबातले सदस्य, तेव्हा ती जरा बिचकली आणि मला फोन केला. तिथे मात्र निर्धास्त भरा. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचं नॉमिनेशन, ईएसआय किंवा मेडिक्लेममधली नावं, यासाठी ही माहिती खरोखर लागते. आणि पुढे लग्न झालं की पीएफचं नॉमिनेशन नव्याने भरावं लागतं, लग्नाआधीचं रद्द धरलं जातं, तेव्हा लग्नाची तारीख एचआरला तुम्हीच जाऊन सांगा.